राखाडी सुतार

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, कॅरम बोर्डाच्या बरोबर वर, मी काढलेलं एक छायाचित्र चौकटीत लावलेलं आहे. त्याच्या खाली चित्रओळ होती. 'होती' म्हणतो, कारण तिच्यावर आता एक पांढरी पट्टी चिकटवली आहे. पट्टी स्वस्तातली आहे. दुपारी खिडकीतून ऊन आलं की तिच्याखालची 'राखाडी सुता' एवढी अक्षरं अजून वाचता येतात. मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई ओतून जगलो. त्या माणसाची आयुष्यातली पहिली स्वतंत्र चित्रओळ दोन शब्दांची होती आणि त्यातला निम्मा मजकूर चुकला. 'राखाडी' तेवढं बरोबर होतं.

झालं असं, की भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना, तीनशे मिलिमीटरच्या लेन्ससकट, माझ्या गळ्यात घातला. निवृत्त माणसाच्या गळ्यात लोक काहीही घालतात. त्याच सुमारास सोसायटीच्या सेक्रेटरींना हॉलच्या भिंतीला पडलेली ओल झाकायची होती. त्यांनी मला विचारलं, "काका, एखादा मोठा फोटो मिळेल का? साधारण तीन बाय दोनचा?" ओल तेवढीच होती. मी या विचारण्याला निसर्गाची हाक समजलो आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटेची कसारा लोकल पकडून आटगावला उतरलो. तिथून जीपने तानसा.

जाण्यापूर्वी मी अभ्यास केला होता. म्हणजे एक नियम तयार केला होता. झाडाच्या उभ्या खोडाला चिकटलेला दिसला की सुतार. फांदीवर आडवा बसलेला, मानेने आखूड आणि अंगाने गुटगुटीत असला की तांबट. आणि पक्ष्याच्या आधी चोच दिसली की धनेश. नियम तीन ओळींत बसत होता, त्यामुळे तो बरोबर असणार अशी माझी खात्री होती. छापखान्यातही मला तीन ओळींत बसणाऱ्या मजकुराबद्दल उगाच आदर असायचा.

एप्रिलमधलं तानसा म्हणजे पानं झडलेल्या सागाचं जंगल. खाली पाचोळा इतका वाळलेला, की आपणच चालतोय आणि आपल्यामागून कोणीतरी पापड भाजत येतंय असं वाटतं. मुंबईला 1892 पासून पाणी पाजणारा तलाव एका अंगाला, आणि दुसऱ्या अंगाला मी घामाने निथळतोय. पण पक्षी बघायला हा काळ नामी. पानांचा आडपडदा नसतो. साडेसहालाच एका ऐनाच्या खोडावर मला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी चिरांची असते. त्या चिरांत नखं रोवून, सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा एक पक्षी ठकठक करत वर सरकत होता. सोनपाठी सुतार. यात चुकायला जागाच नव्हती, म्हणून मी चुकलो नाही. अठरा फोटो काढले आणि नियमाच्या पहिल्या ओळीवर बरोबरची खूण केली.

मग मात्र नियमाने मला हाताशी धरलं आणि जंगलभर फिरवलं. सावरीच्या एका वाळक्या फांदीखाली, सूर्याच्या बाजूला, चिमणीहून थोडा मोठा काळा आकार उलटा लटकून भोक पाडत होता. उन्हाविरुद्ध रंग काही दिसेना. चिकटलाय, भोक पाडतोय, भुसा खाली पडतोय. मी वहीत लिहिलं : 'छोटा सुतार, घर बांधताना.' पुढे एका बारीक डहाळीवर चिमुकला, पट्ट्यापट्ट्यांचा पक्षी आडवा बसलेला दिसला. आडवा, म्हणून : 'तांबटाचं पिल्लू.' नंतर वाटेच्या वळणावर एका बेहड्याच्या समोरच्या झाडावर धनेश दिसला. राखी अंग, कोयत्यासारखी वळलेली मोठी चोच, तिच्यावर पुढे टोक काढलेलं ते शिंग. तो फांदीवर आडवा, गळा फुगवून, जागचा न हलता बसला होता. इतका सहनशील पक्षी मी पाहिला नव्हता. मी बेहड्याच्या बुंध्याला पाठ टेकून, पाण्याची बाटली उघडून, आरामात त्याचे एक्केचाळीस फोटो काढले. चित्रओळ : 'धनेश, विश्रांती घेताना.'

विश्रांती काही संपेना. तासाभराने मलाच कंटाळा आला आणि मी पिशवी उचलून पन्नासएक पावलं पुढे गेलो. मागे पंखांचा मोठा फडफडाट झाला. वळून बघतो तो बेहड्याच्या खोडावर, वीसेक फूट उंचावर, एक भला थोरला राखाडी पक्षी उभा चिकटलेला. माझ्याकडे पाठ. डोकं खोडाच्या पलीकडच्या वळणात गेलेलं, चोच दिसत नव्हती. लांब शेपटी सालीवर दाबलेली. मी धडाधड सात फोटो काढले. मग त्याला माझी चाहूल लागली आणि तो उडून गेला.

आता नियम लावा. उभ्या खोडाला चिकटला, शेपटीचा टेकू घेतला : सुतार. रंग राखाडी. आकार घारीएवढा. मी पुस्तक काढलं. महाराष्ट्रात असा सुतार नाही. मला दरदरून घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता.

माझ्या डोक्यात तेव्हा काय शिजलं ते सांगायला लाज वाटते, पण लेख लिहायला घेतलाच आहे. वनपिंगळा हे घुबड 1884 नंतर शंभरावर वर्षं कोणाला दिसलंच नव्हतं. 1997 साली ते खानदेशात पुन्हा सापडलं आणि 2014 साली चक्क या तानशात दिसलं. म्हणजे हे जंगल अशा गोष्टी लपवून ठेवतं हे सिद्धच होतं. शिवाय सुतारांच्या नावात मराठी माणसाचा वाटा जुना आहे. पिवळ्या कपाळाच्या एका सुताराला लेथम नावाच्या इंग्रजाने 1801 मध्ये शास्त्रीय नाव दिलं त्यात 'मराठा' आहे. आजही आपण त्याला मराठा सुतार म्हणतो. मराठा झाला, मग डोंबिवलीकर का नको? आटगाव स्टेशनच्या बाकावर बसून मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला : 'तानसा अभयारण्यात आढळलेला राखाडी सुतार. बहुधा नवी जात. अधिक तपशील लवकरच.' लोकल येईपर्यंत सव्वीस अंगठे आणि एक 'केक कापा' आला.

रात्री घरी मी पुरावे पक्के करायला बसलो. सुताराच्या पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, हे कुठेतरी वाचलं होतं. म्हणून फोटो मोठा करत करत बोटं मोजू लागलो. एका मर्यादेनंतर बोटांचे चौकोन झाले आणि चौकोनांची बोटं. ही माझ्यामागे उभी राहून म्हणाली, "त्याच्या पायाचं काय बघताय? तोंड कुठंय त्याचं?" मी म्हटलं, तोंड खोडामागे आहे. "मग तोंड न बघताच नाव ठेवलंत?" मी उत्तर दिलं नाही. संशोधकाला घरात असे प्रश्न सोसावे लागतात.

बोटांवर मी ती रात्र वाया घालवली हे मला नंतर कळलं. दोन पुढे-दोन मागे हा पाय सुताराचा तसाच तांबटाचाही असतो. त्यामुळे या दोघांना वेगळं करायला तो निरुपयोगी. धनेशाची तीन बोटं पुढे असतात आणि ती मुळाशी थोडी जोडलेली असतात. म्हणजे माझ्या राखाडी पक्ष्याच्या बाबतीत बोटांनी निकाल दिलाही असता, पण फोटोतल्या चौकोनांनी साक्ष फिरवली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा तानशात. सेक्रेटरींनी तोवर तीन बाय दोनची प्रत चौकटीसकट लावलीही होती. ओल थांबत नव्हती. या खेपेला मात्र नाक्यावर वाटाड्या घ्यायचं ठरवलं, कारण नवी जात पुन्हा सापडायला हवी होती. जे आले त्यांना सगळे मामा म्हणत होते, म्हणून मीही मामा म्हटलं. ते मला काका म्हणत होते. ठाकरवाडीतले, पन्नाशीचे, कमरेला कोयता, पायात प्लास्टिकची चप्पल. तीच चप्पल पाचोळ्यावर जराही वाजत नव्हती, आणि माझे साडेतीन हजारांचे बूट बँडसारखे वाजत होते.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझा शोध त्यांना दाखवला. त्यांनी पाहिला. मान एका बाजूला करून पुन्हा पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "काका, हा धनेश आहे."

"पण खोडाला चिकटलाय ना!"

"चिकटणारच. बायको आत आहे त्याची."

काही वाक्यं ऐकल्यावर माणसाला लगेच खाली बसावंसं वाटतं. मी बसलो. मामाही उकिडवे बसले आणि म्हणाले, "सगळे फोटो दाखवा बघू." मी अठरा सोनपाठीपासून सुरुवात केली. मामांनी आपला अंगठा पडद्यावर ठेवून पक्ष्याचं डोकं झाकलं. "चोच राहू द्या. आधी ढुंगण बघा."

मी आजवर पक्ष्याकडे या बाजूने पाहिलं नव्हतं. अंगठ्याखाली डोकं गेलेल्या त्या सोनपाठीचं पोट खोडाला टेकलेलंच नव्हतं. पाय छातीच्या पुढे, वर रोवलेले. अंग खोडापासून मागे झुकलेलं. आणि शेपटीची फक्त टोकं सालीवर टेकलेली. मध्ये एक चांगला त्रिकोण मोकळा होता, त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. शेपटी भाराने धनुष्यासारखी किंचित वाकली होती. तिवईवर बसून रंधा मारणाऱ्या सुताराने मागचा पाय रेटून धरावा तसं. अठराच्या अठरा फोटोंत तो त्रिकोण होता आणि अठराही फोटोंत मी तुरा बघत बसलो होतो.

नशिबाने मामांना तासाभरात त्याच ऐनाखाली एक पीस दिसलं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाएवढं, काळपट, टोकाला निमुळतं आणि झिजलेलं. मी सवयीने पीस गालावर फिरवायला गेलो तर दाढीचा ब्रश फिरवल्यासारखं झालं. दांडा खराट्याच्या हिरासारखा ताठ. वाकवला तर बोटाला उलट रेटा देतो, आणि टोकाशी बाजूचे केस गळून नुसती काडी उरलेली. ही सुताराच्या शेपटीतली काडी. यावर त्याचं सगळं बस्तान. नंतर वाचलं, की सुताराची शेपटीची पिसं झडायची वेळ आली की मधली सगळ्यात ताठ जोडी शेवटपर्यंत थांबते. बाजूची नवी उगवून भार घ्यायला तयार झाल्याशिवाय ती पडत नाही. आमच्या छापखान्यात रजेचं वेळापत्रक इतक्या शहाणपणाने कधी लागलं नाही. मी पीस खिशात घालायला गेलो, तर मामांनी ते काढून घेतलं आणि जिथं होतं तिथं पाचोळ्यात परत ठेवलं. "नाक्यावर झडती घेतली तर तुम्ही म्हणाल मामाने दिलं."

मग निघाला माझा 'छोटा सुतार, घर बांधताना'. मामा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. आम्ही त्या सावरीकडेच गेलो. आता सूर्य आमच्या पाठीशी होता, आणि त्या काळ्या आकाराला एकदम रंग चढला : कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं, अंग हिरवं, पाय लाल. तांबट. भोक पाडतोय तर खरा, भुसाही पडतोय. तांबटही स्वतःचं घर स्वतः कोरतो, हे माझ्या तीन ओळींत बसलं नव्हतं. मात्र कोरायला तो कुजकी, भुसभुशीत फांदी निवडतो आणि भोक बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला ठेवतो.

मला वाटलं, बरं झालं, आता शेपटी बघून सुटका. पण तांबटानेही शेपटी फांदीला लावली होती! मी मामांकडे विजयाने पाहिलं. ते म्हणाले, "लावलीय. पण टेकलाय का तिच्यावर?" पुन्हा बघितलं. शेपटी आखूड, चौकोनी, मऊ. फांदीला घासत होती एवढंच, तिची टोकं भाराने वाकत नव्हती. पोट लाकडाला लागलेलं, मधला तो आभाळाचा त्रिकोण नाही. गड्याचा सगळा भार पायांवर होता आणि म्हणून तो दर थोड्या वेळाने दमून शेजारच्या डहाळीवर जाऊन आडवा बसत होता. तांबटाची खरी बैठक तीच, आडवी. खोडाला चिकटणं ही त्याची घरबांधणीपुरती मजुरी.

आता एवढं खरं, की उन्हाविरुद्ध काढलेल्या एकाच फोटोत शेपटीवर भार आहे की नाही, हे दरवेळी कळतंच असं नाही. तिथे चोचीच्या कडेवर यावं लागतं. त्यासाठी रंग लागत नाही, बाह्यरेषा पुरते. सुताराची चोच पटाशी : लांब, सरळ, वरची आणि खालची रेघ सारख्याच उताराने जाऊन धारेला भेटतात. तांबटाची चोच मुळाशी जाड, वरून किंचित बाक असलेली, आखूड. आणि मुळाभोवती राठ केसांच्या मिश्या. माझ्या त्या काळ्या फोटोतही, मोठा करून पाहिल्यावर, चोचीच्या मुळाशी चार-पाच केस आभाळावर स्वच्छ उमटलेले होते. मी त्यांना लेन्सवरची घाण समजून रुमालाने पुसलं होतं.

'तांबटाचं पिल्लू' हे प्रकरण मी भराभर सांगतो. तो छोटा सुतार होता. पूर्ण वाढलेला. सुतार लहान चणीचा असला की बारीक डहाळीवर आडवाही बसतो, त्याला कोणी मनाई केलेली नाही. चोच पटाशीच होती. थोडक्यात, मी ज्याला छोटा सुतार म्हटलं तो तांबट होता आणि ज्याला तांबट म्हटलं तो छोटा सुतार. दोन चित्रओळींची अदलाबदल : छापखान्यात यासाठी मी एका पोराला रडवलं होतं.

उरला राखाडी. मामांनी मला बेहड्याजवळ जाऊच दिलं नाही. दूरवर, एका सागामागे बसवलं आणि बूट काढायला लावले. "हलू नका, बोलू नका, त्या मशीनचा आवाज बंद करा." तिथून त्यांनी बोटाने दाखवलं. बेहड्याच्या खोडावर, गेल्या खेपेला मी ज्याला नुसतं सालीचं वळण समजलो होतो तिथे, मातकट लिंपलेला एक डाग होता आणि त्यात एक उभी चीर. ढोलीत मादी बसली होती. ती स्वतःच आतून दार लिंपून घेते, आपल्याच विष्ठेने आणि फळांच्या चोथ्याने. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि दोन-अडीच महिने आत राहते. पिसंही आतच झडतात तिची. तोवर तिचं आणि पिल्लांचं खाणं-पिणं सगळं नराच्या चोचीवर. धनेशाला पटाशी नाही, ढोली कोरणं त्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. तयार पोकळी शोधायची आणि तिला दार लावायचं.

अर्ध्या तासाने तो आला. धनेशाचं उडणं आधी ऐकू येतं. चार-पाच वेळा पंख मारून तरंगत आला, समोरच्या झाडावर आडवा बसला, इकडेतिकडे बघितलं. गळा फुगलेला. मग झेप घेऊन थेट खोडावर, फटीच्या शेजारी. नखांचा सालीवर खरखराट झाला, पंख अर्धवट उघडे राहिले, आणि ती लांब शेपटी त्याने खोडावर सपाट दाबली. आता मला कळत होतं काय बघायचं ते. शेपटीची टोकं टेकली नव्हती. शेपटीच खोडाला लांबच लांब चोपून बसली होती आणि टोकं मऊ असल्यामुळे पंख्यासारखी फाकली होती. टोकांना पांढरा काठ. सुतार एका जागी ठोकतो, वर सरकतो, फिरतो. हा काही वर सरकला नाही. तिथेच तोल सावरत लटकला. मान खाली-वर करून त्याने घशातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या अगदी टोकात धरलं आणि फटीत दिलं. मग दुसरं. मग तिसरं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक क्षणभर दिसलं. मी मोजत होतो, चौदा झाली. त्याने मान वळवली आणि कोयत्यासारखी चोच, शिंगासकट, पुरती दिसली.

मुंबईकडच्या माणसाला धनेश म्हणजे चोच एवढंच ठाऊक असतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या चिन्हावर महाधनेशच आहे. विल्यम नावाचा तसला एक धनेश 1894 पासून 1920 पर्यंत त्यांच्या कचेरीतच राहत होता. फोर्टमधल्या त्यांच्या इमारतीवरून मी तीस वर्षं ये-जा केली आणि ते चिन्ह बघूनच स्वतःला धनेशाचा जाणकार समजत आलो. चिन्हावरच्या धनेशाची चोच खोडामागे कधी जात नाही, एवढीच अडचण. चोच झाकली की माझं ज्ञान संपलं. मामांनी मुद्दाम अंगठ्याने झाकून दाखवली तेव्हा ते सुरू झालं.

परतताना मी विचारलं, "मामा, समजा चोच खोडामागे आणि शेपटी फांदीआड. मग काय म्हणायचं?"

"मग काही म्हणायचं नाही."

हे मला चौतीस वर्षांत सुचलं नव्हतं. मजकूर लागत नसेल तर चित्रओळ देऊच नये, ही सोय छापखान्यात कोणी ठेवली नव्हती.

नाक्यावर चहा घेताना मामांनी पुन्हा कॅमेरा मागितला. त्यांना सुताराशी आणि तांबटाशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना ते एक्केचाळीस फोटो बघायचे होते. 'धनेश, विश्रांती घेताना.' ते एकेक पुढे सरकवत गेले. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येक फोटोची वेळ होती. पहिला सात वाजून बावन्न मिनिटांनी. शेवटचा आठ वाजून अठ्ठावन्न.

"गळा बघितलात?" त्यांनी विचारलं.

बघितला. फुगलेला होता. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फोटोंत, उंबरांनी गच्च भरलेला.

"आणि तुम्ही कुठं बसला होतात?"

मी बेहड्याच्या बुंध्याशी, पाठ टेकून, पाणी पीत बसलो होतो. माझ्या डोक्यावर वीस फुटांवर ती आत कोंडलेली, आणि समोर तो सहासष्ट मिनिटं, तोंडात घास धरून. मी उठून गेल्यावर तो लगेच आला, आणि तेवढ्यात मी वळून कॅमेरा रोखला, तर पुन्हा उडाला. माझी नवी जात म्हणजे एका धनेशाची घरी जाण्याची दुसऱ्यांदा हुकलेली वेळ होती. मामा रागावले नाहीत. कॅमेरा परत दिला, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "ढोलीखाली बसू नका काका. एवढंच."

ग्रुपवर मी खुलासा टाकला. त्याला तीन अंगठे आले आणि 'केक कापा' म्हणणाऱ्याने 'मग केकचं काय' विचारलं. सेक्रेटरींनी चौकट काढायला नकार दिला. खाली ओल होती. म्हणून पट्टी आली. अजूनही कॅरम खेळणाऱ्यांपैकी कोणीतरी मला जिन्यात गाठून विचारतो, "काय काका, तुमचा सुतार काय म्हणतो?" ही त्याला आतून सांगते, "बायकोला जेवायला घालतोय. शिका."

संगणकावर मी सगळी नावं दुरुस्त केली. अठरा सोनपाठी तसेच ठेवले. तांबट आणि छोटा सुतार यांची अदलाबदल परत फिरवली. सात राखाडी सुतारांचे सात धनेश केले. मग ते एक्केचाळीस काढले. त्यांच्यात पक्षी ओळखायला चूक नव्हती, नाव बरोबर होतं. तरी एकेक उघडून स्वल्पविरामापुढचा मजकूर खोडला आणि लिहिलं : 'धनेश, मी जाण्याची वाट बघताना.'